बातमीत कॉफी उतरली, पिशवी मात्र चढली

प्रश्न : गेल्या वर्षभरात माझी नेहमीची पाव किलोची कॉफीची पिशवी तीनदा महागली. दुकानदाराला विचारलं की तो म्हणतो, ‘ब्राझीलमध्ये पाऊस नाही.’ पण गेल्याच महिन्यात मी बातमी वाचली की जागतिक बाजारात कॉफी स्वस्त झाली. त्यानंतरच्या आठवड्यात पिशवी पुन्हा महाग! कोणाचं खरं मानायचं? ही फसवणूक आहे का? आणि आणखी महागणार असेल तर आत्ताच वर्षभराची भरून ठेवू का?

उत्तर : दुकानदार आणि बातमी, दोघंही खरं सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त ते दोघं एकाच कॉफीबद्दल बोलत नाहीत. बातमीतला भाव पुढच्या काही महिन्यांत हातात येणाऱ्या मालाचा असतो. तुमच्या पिशवीतली बी बहुधा सहा ते नऊ महिन्यांपूर्वीच्या भावाने बांधलेली असते. आणि दुकानदार ज्या पावसाबद्दल बोलतोय तो कदाचित अशा पिकाचा असेल, जे अजून झाडावर लागलेलंसुद्धा नाही. या तीन काळांची गल्लत झाली की माणसाला आपण फसवले जातोय असं वाटतं. मी बरीच वर्षं कॉफी भाजणाऱ्या एका कंपनीसाठी हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बियांची खरेदी केली आहे, त्यामुळे ही गल्लत ग्राहकांचीच नव्हे, व्यापारातल्या नव्या लोकांचीही होताना पाहिली आहे. म्हणून एकच प्रसंग धरून तो झाडापासून पिशवीपर्यंत नेतो.

२० जुलै २०२१ ची पहाट. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्याच्या दक्षिण भागात दव गोठलं. जगातली एक तृतीयांशाहून अधिक कॉफी ब्राझीलमध्ये पिकते आणि तिथल्या अरेबिका या जातीच्या कॉफीचा मोठा वाटा याच राज्यातून येतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचून राहते. त्यामुळे एकाच बागायतदाराची टेकडीवरची झाडं हिरवीगार राहतात आणि खालची काळी पडतात. पानातलं पाणी गोठून पेशी फुटतात. पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही, पण दोन-तीन दिवसांत पानं भाजल्यासारखी तपकिरी होतात.

आता महत्त्वाची गोष्ट. जुलै हा ब्राझीलमध्ये तोडणीचा काळ असतो. मे महिन्याच्या सुमारास सुरू झालेली तोडणी सप्टेंबरपर्यंत चालते. म्हणजे दव गोठलं तेव्हा त्या वर्षीचं फळ पिकलेलं होतं आणि बरंचसं उतरवूनही झालं होतं. मग नुकसान कशाचं झालं? पुढच्या वर्षाचं. अरेबिकाला फळ येतं ते आदल्या हंगामात वाढलेल्या कोवळ्या फांदीवर. ती फांदी करपली की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्यावर फूल येत नाही, आणि फूल नाही तर २०२२ ची तोडणी नाही. करपणं वरवरचं असेल तर एक हंगाम जातो. खोडापर्यंत गेलं असेल तर झाड बुंध्याशी छाटावं लागतं आणि ते पुन्हा नीट फळायला दोन-तीन वर्षं जातात. उपटून नवं रोप लावलं तर तीन-चार वर्षं.

त्यातून अरेबिकाला एका वर्षाआड भरघोस बहर येतो. एक वर्ष झाड फळांनी वाकतं, दुसऱ्या वर्षी दमून कमी देतं. २०२१ हे कमी पिकाचं वर्ष होतं, त्यात आधीपासून पावसाने ओढ दिलेली होती. सगळा व्यापार २०२२ च्या भरीव पिकावर डोळे लावून बसला होता आणि नेमकं तेच पीक मारलं गेलं. गोदामातल्या एकाही पोत्याला धक्का लागलेला नसताना न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिकाचा भाव आठवड्याभरात पौंडाला, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमला, दीड डॉलरच्या थोड्या वरून दोन डॉलरच्या पलीकडे गेला.

हा न्यूयॉर्कचा भाव काय असतो, ते थोडं थांबून सांगायला हवं, कारण बातमीत येतो तो हाच. तिथे प्रत्यक्ष पोती फार कमी हलतात. तिथे पुढच्या मार्चचा, मेचा, जुलैचा, सप्टेंबरचा, डिसेंबरचा माल आज ठरलेल्या भावाने द्यायचे-घ्यायचे करार होतात. एका कराराचा माल ३७,५०० पौंड, म्हणजे सुमारे १७ टन, आणि भाव पौंडामागे अमेरिकी सेंटमध्ये. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीचा असाच बाजार लंडनला आहे, तिथे भाव टनामागे डॉलरमध्ये असतो. जगातले बहुतेक खरे सौदे याच भावाला टेकून होतात. निर्यातदार भाजणाऱ्याला म्हणतो, ‘न्यूयॉर्कच्या भावावर वीस सेंट जास्त’ किंवा ‘दहा सेंट कमी’. हा अधिक-उणे माल किती चांगला आहे, कुठला आहे आणि किती दुर्मीळ झालाय यावर ठरतो. म्हणून न्यूयॉर्कचा आकडा उडाला की ज्याने त्या बाजाराचं तोंडही पाहिलेलं नाही अशा बागायतदाराचा आणि अशा भाजणीवाल्याचाही भाव उडतो.

जुलै २०२१ मध्ये किती झाडं गेली हे त्या आठवड्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्राझीलची कोनाब ही सरकारी संस्था पिकाचे अंदाज काढते. व्यापारी कंपन्या आपापले कृषितज्ज्ञ पाठवतात. पण करपलेलं झाड छाटायचं की ठेवायचं हे बागायतदार काही आठवड्यांनी ठरवतो, आणि किती फूल टिकलं हे त्याच्याही नंतर कळतं. तोपर्यंत बाजार भीतीची किंमत लावत असतो. सट्टा करणारे या काळात मोठ्या संख्येने शिरतात, हे खरंच आहे. त्यांच्यामुळे चढ जास्त तीव्र होतो आणि उतारही. पण केवळ सट्ट्याने महिनोन्‌महिने भाव वर धरून ठेवता येतो, असं माझ्या अनुभवात आलेलं नाही. त्याच्यामागे कुठेतरी खरी तूट असावी लागते.

तुटीशिवाय आणखी एक कळ असते आणि ती बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. निर्यातदार बागायतदाराकडून माल घेतो तेव्हा भाव पडण्याच्या भीतीपोटी तेवढ्याच मालाचा वायदा विकून ठेवतो. माल स्वस्त झाला तर वायद्यात फायदा, महाग झाला तर वायद्यात तोटा आणि मालात फायदा. हिशेब बरोबर जुळतो. पण मालातला फायदा मिळतो माल विकल्यावर, दोन-तीन महिन्यांनी. वायद्यातला तोटा मात्र बाजाराला रोजच्या रोज रोखीने भरावा लागतो. याला मार्जिन म्हणतात. भाव झपाट्याने चढला की सज्जन, सावध निर्यातदाराचीही रोकड आटते. बँक हात आखडते, मग तो नवा माल घेणं थांबवतो किंवा तोटा सोसून आपला विकलेला वायदा परत विकत घेतो. अशी खरेदी बरेच जण एकदम करू लागले की भाव आणखी चढतो. म्हणजे तेजीच तेजीला खतपाणी घालते. २०२४ च्या शेवटी अरेबिका झपाट्याने चढली आणि २०२५ च्या सुरुवातीला पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, त्यात कोरड्या हवामानाइतकाच या रोकडटंचाईचाही हात होता, असं माझं मत आहे.

आता चलनाकडे येऊ. बहुतेक लोक चलनाचा विचार फक्त आपल्या बाजूने करतात. पण ब्राझीलच्या बागायतदाराकडून पाहिलं तर त्याच गोष्टीचं दुसरं टोक हाती लागतं.

त्याचा खर्च रेआल या ब्राझीलच्या चलनात होतो. मजुरी, डिझेल, बँकेचा हप्ता सगळं रेआलमध्ये. मालाचा भाव मात्र डॉलरमध्ये ठरतो. २०२० च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण चार रेआल मिळत होते, काही महिन्यांत ते साडेपाचच्या पुढे गेले. कॉफीच्या व्यापारात पोतं ६० किलोचं धरतात, म्हणजे १३२ पौंड. भाव पौंडाला १ डॉलर २० सेंट धरला तर पोत्याचे १५८ डॉलर होतात. चाराच्या दराने ते ६३२ रेआल, साडेपाचाच्या दराने ८६९. न्यूयॉर्कचा भाव तसूभर हलला नाही आणि बागायतदाराच्या हातात मात्र आधीपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक वाढीव पैसे पडले. अशा वेळी तो काय करील? घरात आहे तो माल विकेल आणि पुढच्या वर्षीच्या, त्याच्याही पुढच्या वर्षीच्या पिकाचे सौदे आत्ताच करून टाकील. त्या काळात ब्राझीलमध्ये नेमकं तेच झालं. विक्रीचा लोंढा आला की डॉलरमधला भाव दबतो. म्हणून कॉफीचे खरेदीदार सकाळी उठून हवामान पाहतात तसा रेआलचा दरही पाहतात. रेआल पडला की कॉफी नरमते, रेआल सावरला की बागायतदार माल धरून ठेवतो आणि कॉफी चढते.

याचा एक कडवट शेवटही आहे. ज्यांनी २०२० मध्ये पुढचं पीक स्वस्तात बांधून टाकलं होतं, त्यांच्यासमोर २०२१ च्या तेजीत प्रश्न उभा राहिला. करार पाळून अर्ध्या भावात माल द्यायचा, की करार मोडून चालू भावाने विकायचा? ब्राझीलमध्ये आणि विशेषतः कोलंबियात अनेकांनी माल दिला नाही. ज्या भाजणीवाल्याने तो माल येणार म्हणून निर्धास्त राहून कमी भावाचा हिशेब मांडला होता, त्याला ऐन तेजीत बाजारातून माल उचलावा लागला. माझ्या हातून केलेल्या दोन करारांचा माल असाच कधी आला नाही. त्या वर्षी आम्ही पिशवीचा भाव वाढवला तेव्हा ग्राहकांना कारण म्हणून थंडी सांगितली, कारण ती समजायला सोपी होती. खरं कारण न आलेला माल होतं, आणि तसंच सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

आता तुमच्या पिशवीचा हिशेब मांडू. पाव किलो भाजलेली कॉफी, शुद्ध अरेबिका.

भाजताना बियांतलं पाणी उडतं, वजन घटतं. व्यापारात ठरलेलं माप असं की एक किलो भाजलेल्या कॉफीला १.१९ किलो हिरवी बी लागते. गडद भाजणीत घट याहून जास्त. न्यूयॉर्कचा भाव पौंडाला दोन डॉलर असेल तर किलोला ४ डॉलर ४१ सेंट. त्याला १.१९ ने गुणलं की ५ डॉलर २५ सेंट. पाव किलोला १ डॉलर ३१ सेंट. बस, न्यूयॉर्कच्या भावाने पिशवीतल्या बियांची किंमत एवढीच. भाव दुप्पट होऊन चार डॉलर झाला तर ती २ डॉलर ६२ सेंट होईल.

म्हणजे जागतिक भाव दुप्पट झाला, छापून येणारी सगळ्यात भयंकर बातमी आली, तरी पाव किलोच्या पिशवीत बियांपोटी वाढ होते ती १ डॉलर ३१ सेंटची. बाकी खर्च, म्हणजे जहाज, गोदाम, भाजणी, गॅस, पिशवी, पगार, दुकानाचा वाटा, कर, हे कॉफी महागली म्हणून दुप्पट होत नाहीत. या सगळ्यांसकट पिशवी समजा आठ डॉलरला जात असेल, तर ती साडेनऊच्या आत बसायला हवी. सोळा होण्याचं काही कारण नाही. यावरून एक उलट गोष्टही निघते. जितकी पिशवी स्वस्त, तितका तिच्यात बियांचा वाटा मोठा, म्हणून तेजीत स्वस्त पिशव्या टक्केवारीने जास्त महागतात आणि महागड्या पिशव्या कमी. ‘स्वस्तातलीच का महागली?’ असा राग अनेकांना येतो. राग समजण्यासारखा आहे, पण गणित असं आहे.

या आकड्याला आता तुमच्या चलनाची फोडणी द्या. तुमचं चलन कोणतंही असो, समजा एका डॉलरला त्याचे १०० मोजावे लागत होते. दोन डॉलरच्या भावाने पिशवीतली बी १३१ ला पडली. आता न्यूयॉर्कचा भाव दहा टक्के उतरला, बातमी आली, आपण खूश झालो. पण त्याच काळात डॉलर १०० चा ११० झाला. बी डॉलरमध्ये १ डॉलर १८ सेंट, गुणिले ११०, उत्तर १३० च्या आसपास. बातमीतली सगळी स्वस्ताई सीमेवरच जिरली. तुम्ही वाचलेल्या बातमीच्या सुमारास तुमच्या चलनाचा डॉलरशी दर काय होता, ते एकदा जरूर तपासा. अनेक कोड्यांची उत्तरं तिथेच मिळतात. जहाजाचं भाडंही डॉलरमध्येच असतं, त्यामुळे तिथेही तीच टक्केवारी पुन्हा लागते.

मग वेळेचा प्रश्न उरतो. भाजणीवाला रोज बाजारात जाऊन त्या दिवसापुरती बी आणत नाही. तो पुढच्या तीन महिन्यांची, कोणी नऊ महिन्यांची गरज आधीच बांधून ठेवतो. माल बंदरावर येतो, जहाजावर चढतो, समुद्रावर काही आठवडे काढतो, गोदामात थांबतो. त्यामुळे त्याच्या भट्टीत आज पडलेली बी मागच्या अनेक खरेद्यांची सरासरी असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०२५ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार कॉफीच्या भावातल्या वाढीचा ८० टक्के भाग ग्राहकापर्यंत पोहोचायला अमेरिकेत साधारण आठ महिने लागतात आणि युरोपीय संघात अकरा. २०२१ च्या प्रसंगात हेच दिसलं. दव गोठलं जुलै २०२१ मध्ये, न्यूयॉर्कचा भाव शिगेला पोहोचला फेब्रुवारी २०२२ मध्ये, २ डॉलर ६० सेंटच्या आसपास. दुकानातल्या पिशव्या २०२२ भर चढत राहिल्या. जानेवारी २०२३ पर्यंत न्यूयॉर्कचा भाव पुन्हा दीड डॉलरच्या घरात आला होता, पण पिशवी हलली नाही. तुमच्यासारखी पत्रं तेव्हाही आली असतील.

आता फसवणुकीबद्दल स्पष्ट बोलतो. चढताना लागणारा उशीर न्याय्य आहे, कारण तो जुन्या खरेदीचा आहे. उतरतानाही तेवढाच उशीर न्याय्य आहे. पण प्रत्यक्षात पिशवी चढते झपाट्याने आणि उतरते रेंगाळत, आणि कधी कधी उतरतच नाही. त्यातला काही भाग मजुरी, वीज, भाडं वाढल्याने जातो. काही भाग मात्र निव्वळ यासाठी जातो की ग्राहकाला नव्या भावाची सवय झालेली असते. मी त्या बैठकांमध्ये बसलेलो आहे. भाव वाढवायचा ठराव एका दुपारी होतो, कमी करायचा ठराव ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ यावर अडतो. हे मला तेव्हाही पटत नसे. म्हणून ग्राहकाने स्वतः हिशेब मांडावा असा माझा आग्रह आहे.

तो असा मांडा. आधी पिशवीचं वजन वाचा. भाव तोच ठेवून पाव किलोचे दोनशे ग्रॅम झालेले मी पाहिले आहेत, आणि तीही पंचवीस टक्क्यांची भाववाढच आहे. दर शंभर ग्रॅमचा भाव काढून एका वहीत तारखेसकट लिहा. मग आजपासून साधारण आठ महिन्यांपूर्वीचा न्यूयॉर्कचा अरेबिकाचा भाव पाहा आणि त्याच्याही आधीच्या वर्षाचा त्याच महिन्यातला भाव पाहा. दोन्ही वरच्या रीतीने पाव किलोवर आणा, आपल्या चलनात त्या-त्या वेळच्या दराने बदला. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे बियांपोटी झालेली खरी वाढ. पिशवी त्याच्या दीडपट वाढली असेल तर मी फार खळखळ करणार नाही, बाकी खर्चही वाढतात आणि करही वाढीव किमतीवर लागतो. चौपट वाढली असेल तर कारण ब्राझीलमध्ये नाही.

एक अट मात्र ध्यानात ठेवा. तुमच्या पिशवीत रोबस्टाचं मिश्रण असेल तर न्यूयॉर्कचा भाव अपुरा पडेल, लंडनचाही पाहावा लागेल. २०२४ मध्ये हा फरक फार जाणवला. रोबस्टाचा सर्वांत मोठा उत्पादक व्हिएतनाम. तिथल्या मध्यवर्ती पठारावर जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत झाडांना पाणी द्यावं लागतं, आणि त्या वर्षी एल निनोमुळे विहिरी-तळी आटली. त्याआधीच अनेक शेतकऱ्यांनी कॉफी काढून डुरियनची झाडं लावली होती, कारण त्या फळाला चांगला पैसा मिळत होता. लंडनचा भाव एप्रिलमध्ये टनाला चार हजार डॉलरच्या वर आणि सप्टेंबरमध्ये पाच हजारांच्या वर गेला. एरवी भाजणीवाले अरेबिका महागली की मिश्रणात रोबस्टा वाढवून भाव सांभाळतात. त्या वर्षी ती पळवाटच बंद झाली. झटपट कॉफी, स्वस्त मिश्रणं, सगळंच एकदम वर गेलं. पिशवीवर मिश्रणाचं प्रमाण छापलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा. आणि भाव तोच राहून चव एकाएकी कडवट, जाड वाटू लागली तर प्रमाण बदललं असण्याची शंका घ्या. तीही एका तऱ्हेची भाववाढच असते, फक्त ती जिभेवर कळते.

वर्षभराची भरून ठेवू का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. हिरवी बी कोरड्या, थंड जागी वर्षभर बऱ्यापैकी राहते, म्हणूनच व्यापार तिचा साठा करतो. भाजलेल्या बीचं तसं नाही. हवा लागली की काही आठवड्यांत तिचा वास उतरतो, दळलेली असेल तर त्याहूनही लवकर. हवा न जाणाऱ्या, झडपेच्या पिशवीत न फोडता ठेवली तरी काही महिन्यांनी ती मंद पडते. वर्षाच्या शेवटी तुम्ही आठ-दहा टक्के वाचवलेले असतील आणि निम्मी कॉफी शिळी प्यालेली असेल. पुढच्या महिन्यापासून भाव वाढणार असं विक्रेत्याने सांगितलं असेल, तर दोन महिन्यांच्या पिशव्या घ्या, अख्ख्या बियांच्या घ्या आणि भाजणीची तारीख ताजी बघून घ्या. त्यापलीकडे साठ्यात फायदा नाही. शिवाय भाव पडण्याचीही शक्यता असतेच. कॉफीच्या बाजारात मोठ्या तेजीनंतर लोक झाडं लावतात आणि ती चार वर्षांनी एकदम फळतात. २००१ मध्ये अरेबिका पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेली होती. त्या भावात बागायतदाराचा तोडणीचा खर्चही निघेना, अनेकांनी मळे सोडून दिले. स्वस्त कॉफीची आठवण काढताना मला ती वर्षंही आठवतात.

आणि दुकानदाराला पुढच्या वेळी एवढंच विचारा, ‘पाऊस नाही तो कोणत्या महिन्यात?’ सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणाला तर ती फुलोऱ्याची वेळ. पहिल्या सरीने फूल येतं, पाठोपाठ पाऊस झाला नाही तर ते गळतं, आणि ते पीक पुढच्या मेपासून तोडलं जाणार. जानेवारी-फेब्रुवारी म्हणाला तर ती दाणा भरण्याची वेळ. तेव्हा पाणी कमी पडलं तर फळं झाडावर दिसतात तेवढीच, पण आतली बी बारीक आणि हलकी, आणि तेच पोतं भरायला जास्त फळं लागतात. जून-जुलै म्हणाला तर काळजीचं कारण नाही, ब्राझीलच्या कॉफीपट्ट्यात तो कोरडाच काळ असतो आणि तोडणीला, वाळवणीला तेच हवं असतं. यांपैकी कोणताही महिना असला तरी त्याचा परिणाम आज काउंटरवर ठेवलेल्या पिशवीतल्या बियांवर झालेला नसतो. त्या बिया त्याआधीच तोडून, वाळवून, विकून झालेल्या असतात.